सौदा व्यापाऱ्याने मोडला, पण शीतगृहाचं भाडं किती महिन्यांचं मिळणार?

प्रश्न: पिंपळगावकडचा द्राक्ष बागायतदार आहे. एप्रिलमध्ये नाशिकच्या एका व्यापाऱ्याशी 12 टन बेदाण्याचा सौदा झाला. भाव 200 रुपये किलो, माल नाशिकच्या कोल्ड स्टोरेजमधून त्याने 30 एप्रिलपर्यंत उचलायचा, इसार 1 लाख. नंतर त्याने 10 दिवस वाढवून मागितले आणि 11 मेला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की भाव उतरले, माल नको. तेव्हा भाव 180 होता. मे अखेरीस 180 ने रोखीत घेतो म्हणाला, मी नाही म्हटलं. आता नोव्हेंबर संपत आला, माल तिथेच आहे, भाडं महिन्याला 9,600, भाव 150 वर आलाय. चूक त्याची आहे, मग माल तसाच ठेवून सगळं भाडं, भावातला फरक आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज त्याच्याकडून वसूल होईल ना? आत्ता माल विकला तर केस कमजोर होईल असं भावकीतले म्हणतात.

उत्तर:

नाही, सगळं वसूल होणार नाही. आणि भावकीतला सल्ला बरोबर उलटा आहे. माल विकल्याने तुमची केस कमजोर होत नाही, न विकल्याने होते. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात बरीच वर्षं दिवाणी कामं चालवतो. द्राक्ष, बेदाणा, कांदा, डाळिंब अशा सौद्यांत पूर्णपणे बरोबर असलेला माणूस शेवटी निम्म्या रकमेवर आलेला मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. कारण बहुतेक वेळा एकच असतं. सौदा मोडला त्या दिवसापासून तो हात बांधून बसला आणि मीटर दुसऱ्याच्या नावावर चालू आहे असं धरून चालला.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. करार मोडल्याची भरपाई भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 खाली मिळते. त्या कलमाच्या शेवटी एक छोटं स्पष्टीकरण आहे. नुकसान मोजताना, करार न पाळल्यामुळे झालेली अडचण दूर करायला कोणते मार्ग उपलब्ध होते तेही विचारात घ्यायचं, असं त्यात म्हटलंय. आम्ही वकील ज्याला ‘मिटिगेशन’ म्हणतो, म्हणजे नुकसान आटोक्यात ठेवणं, त्याचा आपल्याकडचा पाया ही एवढीच ओळ आहे. याला कर्तव्य म्हणतात खरं, पण ते केलं नाही म्हणून तुमच्यावर कुणी दावा लावू शकत नाही. तुम्हाला माल वर्षभर ठेवायचा तर ठेवा, माल तुमचा आहे. फक्त जे नुकसान तुम्ही साध्या, वाजवी पावलांनी टाळू शकला असता, तेवढं व्यापाऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

तुमच्या प्रकरणात ते वाजवी पाऊल कोणतं होतं? दुसरं गिऱ्हाईक. बेदाणा ही बाजारात रोज विकली जाणारी चीज आहे. 11 मेला 180 चा भाव होता हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणजे त्या भावाने घेणारे होते. 200 चा सौदा, 180 चा बाजार, किलोमागे 20 रुपयांचा फरक. 12,000 किलोवर 2,40,000 रुपये. हे तुमचं खरं नुकसान, आणि ते व्यापाऱ्याने भरायचंच आहे. कलम 73 खालच्या उदाहरणांत 50 मण तांदळाचं एक उदाहरण आहे, ते जवळजवळ तुमचंच आहे. घेणाऱ्याने तांदूळ नको म्हणून कळवलं, तर त्याने कळवलं त्या वेळी विकणाऱ्याला जो भाव मिळू शकला असता तो आणि ठरलेला भाव यांतला फरक, एवढी भरपाई.

180 वरून 150 पर्यंतची घसरण मात्र तुमची. इथेच लोकांना सगळ्यांत जास्त अन्याय झाल्यासारखं वाटतं, म्हणून यावर थोडं थांबतो. 1916 साली प्रिव्ही कौन्सिलने रंगूनहून आलेल्या एका अपिलात याच मुद्द्यावर निकाल दिला. जमाल विरुद्ध मुल्ला दाऊद हे ते प्रकरण. तिथे शेअर्सचा सौदा होता, घेणाऱ्याने ठरलेल्या दिवशी घ्यायला नकार दिला, विकणाऱ्याने शेअर्स लगेच न विकता ठेवले. त्यांचा भाव पुढे चढला आणि त्याने चढ्या भावाने विकले. तेव्हा घेणारा म्हणाला, तुमचं नुकसान तर भरून निघालं, मग मी कशाला देऊ? न्यायालयाने ते मानलं नाही. करार मोडला त्या दिवशीच्या भावाने हिशेब करा असं सांगितलं. त्या दिवसानंतर माल ठेवणं हा विकणाऱ्याचा स्वतःचा सट्टा आहे. भाव चढला तर फायदा त्याचा, पडला तर तोटाही त्याचाच. म्हणजे दिवाळीला बेदाणा 230 वर गेला असता तरी व्यापाऱ्याला तुमच्याकडे बोट दाखवता आलं नसतं, 2,40,000 त्याला द्यावेच लागले असते. तुम्ही दिवाळीच्या तेजीची वाट पाहिली असेल तर तो निर्णय तुमचा होता. धंद्यात तसा निर्णय घेण्यात काही वावगं नाही. त्याची किंमत समोरच्याकडून मागता येत नाही, इतकंच.

तारखेबद्दलही सांगतो. करार मोडल्याची तारीख 30 एप्रिल की 11 मे? त्याने मुदत मागितली आणि तुम्ही ती मान्य केली, तर 11 मे. तुम्ही मान्य केल्याचा मेसेज असेल तर तो जपून ठेवा. बऱ्याच सौद्यांत व्यापारी स्पष्ट नकार देतच नाही. ‘आठ दिवसांत गाडी लावतो’, ‘पेमेंट अडकलंय, अमावस्या होऊ द्या’ असं करत तीन महिने काढतो. तिथे तारीख ठरवणंच अवघड होऊन बसतं. अशा वेळी मी पक्षकाराला सांगतो की तुम्हीच लेखी शेवटची तारीख द्या. अमुक तारखेपर्यंत पैसे देऊन माल उचला, नाहीतर सौदा मोडला असं धरून माल दुसऱ्याला विकेन आणि फरक तुमच्याकडून घेईन. असं पत्र गेलं की तारीख पक्की होते. तुमच्या बाबतीत त्याने स्वतःच 11 मेला साफ नकार लिहून दिला, हे तुमच्या फायद्याचं आहे.

आता भाडं. काही जण वस्तुविक्री कायदा, 1930 चं कलम 44 दाखवतात. विकणारा माल द्यायला तयार आहे, त्याने उचला म्हणून सांगितलंय आणि घेणारा वाजवी वेळेत उचलत नाही, तर माल सांभाळण्याचा वाजवी खर्च घेणाऱ्याने द्यायचा, असं ते कलम आहे. बरोबर आहे. पण त्यातला ‘वाजवी’ हा शब्द लोक वाचत नाहीत. 12 टन बेदाण्याला दुसरं गिऱ्हाईक शोधायला, चार ठिकाणी नमुने पाठवायला, भाव ठरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या काळाचं भाडं वाजवी. बाजार चालू असताना मला वाटतं महिना-दीड महिना पुरे. सावधपणे मे आणि जून असे दोन महिने धरू, 19,200 रुपये. जुलैपासूनचं भाडं तुम्ही तुमच्या वाट पाहण्यासाठी भरलंय.

एका उलटतपासणीत काय झालं ते सांगतो. माल बेदाणा नव्हता, पण गोष्ट हीच. वादी माझा पक्षकार होता, आणि माझ्याकडे येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. गोदाम भाड्याच्या अडीच वर्षांच्या पावत्या त्याने एका फाइलला नीट टाचून आणल्या होत्या. समोरच्या वकिलांनी करारावर, सहीवर, नकारावर एकही प्रश्न विचारला नाही. फक्त विचारलं, ‘या अडीच वर्षांत तुम्ही दुसरं गिऱ्हाईक शोधलं का?’ ‘नाही.’ ‘बाजारभाव तुम्हाला माहीत होता?’ ‘हो, रोज मोबाइलवर येतो.’ ‘भाव उतरत होता हे दिसत होतं?’ ‘दिसत होतं.’ ‘मग विकला का नाही?’ तो म्हणाला, ‘दावा लावायचा होता ना साहेब.’ न्यायाधीशांनी ते वाक्य तसंच लिहून घेतलं. पावत्यांच्या त्या फाइलमधल्या सुरुवातीच्या थोड्या पावत्यांनाच पुढे किंमत उरली. त्या माणसाने खोटं काही सांगितलं नव्हतं. माल हलवला तर पुरावा जातो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि तीच समजूत आज तुम्हाला घातली जातेय.

पुरावा म्हणजे तुमच्या 12 टनांच्या 800 पेट्या नव्हेत. सौद्याचा कागद, इसाराची नोंद, नकाराचा मेसेज, त्या दिवशीचा भाव आणि नंतर माल कितीला गेला त्याची पट्टी, हा पुरावा. मालाच्या प्रतीवर व्यापारी काही बोलेल अशी भीती असेल तर विकण्याआधी दोन-चार पेट्या शीतगृहाच्या व्यवस्थापकासमोर उघडून फोटो काढा, वजन करा, लॉट नंबरसह साधा पंचनामा करून सह्या घ्या, आणि एक सीलबंद पेटी बाजूला ठेवा. बाकीचा माल अडवून ठेवायची गरज नाही.

बेदाण्याच्या बाबतीत तर वाट पाहणं आणखी महाग पडतं. हिरवा माल शीतगृहातही कायम हिरवा राहत नाही, हळूहळू पिवळट आणि मग तपकिरी होत जातो. पेटी थंडीतून बाहेर काढून उन्हाळ्यात चार दिवस पडली तर ते आणखी झपाट्याने होतं. आपल्याकडे भाव रंगावर आणि मण्यावर ठरतो. म्हणजे आजच्या 150 मध्ये बाजार किती उतरला आणि तुमच्या मालाचा रंग किती गेला हे वेगळं काढणं मुश्किल आहे. समोरचा वकील सगळी घसरण रंगावर टाकेल. फेब्रुवारी-मार्चनंतर नवा बेदाणा यायला लागला की जुन्या मालाकडे कोण बघतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मे अखेरच्या त्या बोलण्याकडे येतो. तुमच्या पत्रातला मला सर्वांत काळजीचा वाटलेला भाग तोच आहे. ज्याने फसवलं त्यालाच पुन्हा माल द्यायचा, हे मनाला पटत नाही, मला कळतं. पण व्यापारी व्यवहारात न्यायालय राग मोजत नाही. 1919 च्या पेझू विरुद्ध सॉन्डर्स या इंग्लंडमधल्या खटल्यात रेशमी कापडाचा हप्त्याहप्त्याने द्यायचा सौदा होता. घेणाऱ्याने पहिले पैसे उशिरा दिले, म्हणून विकणारा उधारी मोडून रोख पैशांवर अडून बसला. कराराप्रमाणे तसं करणं चूक होतं. घेणाऱ्याने रोखीत घ्यायला नकार दिला, बाजार चढला आणि त्याने मोठ्या फरकाचा दावा लावला. न्यायालय म्हणालं, करार विकणाऱ्याने मोडला हे खरं, पण त्याचाच रोखीचा प्रस्ताव स्वीकारून तुम्ही बहुतेक नुकसान टाळू शकला असता. मोठा फरक मिळाला नाही. आपली न्यायालयं इंग्लंडच्या निकालांना बांधील नाहीत, पण कलम 73 चं स्पष्टीकरण वाचताना हाच विचार पुढे येतो.

म्हणून तो नेमकं काय म्हणाला ते आठवा. ‘180 ने रोखीत घेतो’ एवढंच म्हणाला असेल, तर तुम्ही माल देऊन 21,60,000 रोख घेऊ शकला असता आणि वरच्या 20 रुपयांच्या फरकाचा हक्क लेखी राखून ठेवू शकला असता. तो नकार तुमच्या विरुद्ध वाचला जाईल. पण ‘180 ने घेतो आणि मागचं सगळं मिटलं असं लिहून द्या’ असं म्हणाला असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्या भरपाईवर पाणी सोडावं लागणारा प्रस्ताव स्वीकारायला तुम्ही बांधील नव्हता. तसंच त्याचे पूर्वीचे चेक परत गेलेले असतील आणि तो आता उधारीवर मागत असेल, तरी तुमचा नकार योग्य ठरला असता. बोलणं फोनवर झालं की समक्ष, शेजारी कोण होतं, हे सगळं आजच कागदावर उतरवून ठेवा.

दुसऱ्या बाजूलाही ताणू नये, कारण आजकाल प्रत्येक कैफियतीत समोरचे वकील ‘वादीने नुकसान कमी केलं नाही’ हे वाक्य छापून टाकतात. तुम्हाला अचाट काही करायचं नव्हतं. पडेल त्या भावाने माल फेकून द्यायचा नव्हता, स्वतःची पत घालवायची नव्हती, गावोगाव गाड्या फिरवायच्या नव्हत्या. त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर एखाद्या शहाण्या बागायतदाराने जे केलं असतं, तेवढंच अपेक्षित आहे. सौदा मोडून तुम्हाला अडचणीत टाकणाऱ्याने नंतर भिंग घेऊन तुमच्या प्रत्येक पावलात खोट काढावी, हे न्यायालय चालू देत नाही. प्रयत्न केला आणि तो फसला, तरी त्याचा खर्च मिळतो. समजा, तुम्ही जूनमध्ये माल पुन्हा निवडून, नव्या पेट्यांत भरून सांगलीला पाठवला असता आणि तिथेही भाव आला नसता, तर निवडणी, पेट्या आणि गाडीभाडं हे सगळं मागता आलं असतं. मे महिन्यात खरंच कुणी घेणारा नसता, तर माल शीतगृहात ठेवणं हाच नुकसान आवरण्याचा मार्ग ठरला असता आणि पुढचं भाडंही मिळालं असतं. म्हणून तुम्ही माझ्याकडे आला असता तर मी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की त्या दिवसांत तुम्ही कुणाकुणाला फोन केले? एकाही व्यापाऱ्याला नमुना दिला असेल, कुणी कमी भाव सांगितल्याचा मेसेज असेल, तर तो सोन्यासारखा आहे.

एक अपवाद तपासून घेतला पाहिजे. मालाची मालकीच व्यापाऱ्याकडे गेली असेल, तर तुम्ही भरपाईऐवजी थेट मालाच्या किमतीचा दावा लावू शकता, आणि तिथे हा नुकसान आवरण्याचा मुद्दा तसा लागू होत नाही. तुमच्या 800 पेट्या त्याच्या नावाने वेगळ्या काढून, लॉट नंबर टाकून, शीतगृहाची पावती त्याच्या नावे झाली असेल, तर कागद घेऊन वकिलाला जरूर दाखवा. पण शीतगृहात तुमच्या 1,300 पेट्या असतील आणि त्यांतल्या कोणत्याही 800 द्यायच्या असतील, तर मालकी गेलेली नाही. बहुतेक बागायतदारांचं असंच असतं, म्हणून पुढचा हिशेब मी तसं धरून केलाय.

कर्जाच्या व्याजाचं थोडक्यात सांगतो. तुमचं सोसायटीचं कर्ज या सौद्याचा भाग नव्हतं. कलम 73 दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान देत नाही. शिवाय मेमध्ये माल 180 ने विकला असता तर 21,60,000 हातात येऊन कर्ज फिटलं असतं, म्हणजे हे व्याजही टाळता येण्यासारखंच होतं. जी भरपाई मंजूर होईल तिच्यावर न्यायालय व्याज देऊ शकतं, ते मागा.

आता दोन हिशेब शेजारी ठेवून बघा. तुमच्या मनातला हिशेब असा आहे: 50 रुपयांचा फरक म्हणजे 6,00,000, सात महिन्यांचं भाडं 67,200, वर कर्जाचं व्याज. मला टिकेल असा वाटणारा हिशेब असा: 20 रुपयांचा फरक 2,40,000, दोन महिन्यांचं भाडं 19,200, आणि दुसऱ्याला विकताना लागणारी दलाली, हमाली, तोलाई. मूळ सौद्यात उचल व्यापाऱ्याने करायची होती, त्यामुळे हा खर्च त्याच्यामुळेच वाढतोय. किलोला 3 रुपये धरले तर 36,000. एकूण 2,95,200. त्यातून हातात असलेला 1,00,000 इसार जमा धरायचा, म्हणजे मागणी 1,95,200 ची. उरलेल्या 30 रुपयांच्या घसरणीचे 3,60,000 आणि पाच महिन्यांच्या भाड्याचे 48,000, मिळून 4,08,000 तुमच्या अंगावर राहतात. हे वाचून वाईट वाटेल, पण दोन-तीन वर्षं दावा चालवून कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, कारण हा आकडा अजून दर महिन्याला वाढतोय.

हा फरक सिद्ध करताना एक चूक हमखास होते, ती भावाच्या पुराव्याची. सर्वोच्च न्यायालयाचा 1961 चा मुरलीधर चिरंजीलाल प्रकरणातला निकाल याच गोष्टीवर आहे. कानपूरच्या कापडाचा, कॅनव्हासचा सौदा होता आणि माल रेल्वेने कलकत्त्याला जायचा होता. माल मिळाला नाही म्हणून घेणाऱ्याने कलकत्त्याच्या भावाने फरक मागितला. न्यायालयाने कराराप्रमाणे माल कानपूरला ताब्यात द्यायचा होता असं ठरवलं, म्हणजे भाव कानपूरचा हवा. तो सिद्ध झालेला नव्हता, म्हणून करार मोडला गेला असूनही भरपाई मिळाली नाही. नुकसान आवरण्यासाठी वाजवी पावलं उचलायची जबाबदारी पीडितावर असते, हेही त्याच निकालात मांडलंय. बेदाण्याचे भाव म्हटले की आपल्याकडचे लोक तासगाव-सांगलीच्या सौद्यांचे आकडे घेऊन येतात, कारण ते सहज मिळतात. तुमचा माल मात्र नाशिकच्या शीतगृहात द्यायचा होता. म्हणून 11 मेच्या आसपास नाशिक, पिंपळगाव भागात त्याच प्रतीचा माल कितीला गेला हे दाखवा. त्या आठवड्यात माल विकलेल्या दोन बागायतदारांच्या पट्ट्या आणि साक्षीला येईल असा एखादा दलाल पुरतो. इथला भाव अगदीच मिळाला नाही तर तासगावचा भाव, त्यातून गाडीभाडं वजा करून, पूरक म्हणून द्या.

आता काय करायचं? या आठवड्यात व्यापाऱ्याला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. त्यात सौद्याची तारीख, वजन, भाव, इसार आणि 11 मेचा नकार लिहा. पुढे लिहा की दहा दिवसांत ठरलेल्या भावाने पैसे देऊन माल उचलला नाही तर माल मिळेल त्या चांगल्यात चांगल्या भावाने दुसऱ्याला विकेन आणि भरपाई तुमच्याकडून घेईन. पुनर्विक्रीची नोटीस न देता माल विकला तर काही परिस्थितीत वस्तुविक्री कायद्याच्या कलम 54 मुळे फरक मागण्याचा हक्कच जातो. उद्या कुणी मालकीचा वाद काढला तरी नोटीस दिलेली असली की तुम्ही सुरक्षित राहता. ‘सगळं भाडं माल उचलेपर्यंत तुमच्यावर चढत राहील’ हे वाक्य मात्र नोटिशीत घालू नका. बरेच जण ते दरडावण्यासाठी घालतात, आणि उलटतपासणीत तेच त्यांच्यासमोर धरलं जातं.

त्या दहा दिवसांत किमान तीन व्यापाऱ्यांना नमुने देऊन भाव लेखी घ्या. मेसेज चालेल. सर्वांत जास्त देणाऱ्याला विका, पैसे बँकेतून घ्या, पट्टीवर लॉट नंबर आणि पेट्यांची संख्या येऊ द्या. मेहुण्याला किंवा चुलतभावाला विकू नका, भाव खरा असला तरी तो खोटा ठरवला जाईल. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि चॅट आत्ताच एक्स्पोर्ट करून ठेवा.

दावा लावायला करार मोडल्यापासून 3 वर्षं आहेत, तेव्हा त्याची घाई नाही. पेट्या मात्र नोटिशीची दहा दिवसांची मुदत संपताच हलवा. नोटिशीची पोचपावती, तीन भावांचे मेसेज, विक्रीची पट्टी, शीतगृहाच्या मे-जूनच्या पावत्या आणि मे महिन्यातल्या त्या दोन पट्ट्या एवढं घेऊन मग वकिलाकडे जा.